तीस सेकंदांत एकच गोष्ट

उद्योजकांच्या मेळाव्यात माइक हातोहात फिरतो आणि ओळख करून द्यायला प्रत्येकाला तीस सेकंद मिळतात. सावकाश बोललं तर तेवढ्यात साधारण ६० शब्द होतात. त्यात सगळं सांगायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही.

समजा, ठाण्यातल्या एक बाई वॉटरप्रूफिंगची कामं घेतात. त्यांनी लिहून आणलंय, ‘आमची संस्था गेली १२ वर्षे वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लंबिंग व दुरुस्ती क्षेत्रात दर्जेदार सेवा पुरवत आहे.’ यात खोटं काही नाही. पण हेच वाक्य शेजारी बसलेल्या कंत्राटदारालाही जसंच्या तसं चालेल, आणि ‘सेवा पुरवत आहे’ असं घरी कुणी बोलत नाही.

आता त्या असं म्हणाल्या तर?

“नमस्कार. मी इमारतींतली गळती शोधते. एका सोसायटीनं गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करून घेतलं, तरी वरच्या मजल्यावर पाणी यायचंच. आम्ही रंगीत पाणी सोडून पाहिलं. गच्ची ठणठणीत होती, फुटला होता पावसाच्या पाइपाचा सांधा. तुमच्या ओळखीतले कुणी सेक्रेटरी ‘दरवर्षी गळतंच हो’ म्हणत असतील, तर काम देण्याआधी त्यांना मला एकदा बोलवायला सांगा.” आणि शेवटी सावकाश स्वतःचं नाव.

इथे चार थांबे आहेत: काम, एक खरा प्रसंग, एक विनंती आणि नाव. रंगीत पाणी डोळ्यांसमोर येतं, म्हणून प्रसंग टिकतो. नाव शेवटी, कारण सुरुवातीला लोक अजून मागच्या माणसाच्याच बोलण्यात असतात; आता ते कुणाचं नाव ऐकताहेत हे त्यांना कळलेलं असतं. विनंतीही नेमकी हवी. ‘कुणाला गरज असेल तर सांगा’ म्हटल्यावर कुणाचाच चेहरा आठवत नाही. ‘सोसायटीचे सेक्रेटरी’ म्हटलं की आपल्याच इमारतीतले काका आठवतात.

पाठ मात्र फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य करावं. मधला प्रसंग बहिणीला फोनवर सांगतो तसा दर वेळी नव्यानं सांगावा. सगळंच पाठ केलं की एक शब्द निसटताच पुढचं अडतं आणि आवाज वाचल्यासारखा सपाट होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं की जिभेला जड जाणारे शब्द लगेच सापडतात. प्रसंगातल्या ग्राहकाचं नाव घेऊ नये. आपलंही नाव असंच चारचौघांत निघेल, अशी शंका ऐकणाऱ्याला येते.

या तीस सेकंदांत काम मिळत नाही, पुढचा प्रश्न मिळतो. चहाच्या वेळी कुणी येऊन “ते रंगीत पाणी नेमकं कुठे सोडता?” असं विचारलं, तर ओळख पोचली. “तुमचं कन्स्ट्रक्शनचं काहीतरी आहे ना?” असं विचारलं, तर यादीतलं आणखी एक काम गाळायचं.