√५ ला अर्धे चालतात, √३ ला का नाही?

सुवर्णगुणोत्तर म्हणजे (१ + √५)/२. छेदात २ असल्याने ते अपूर्णांकासारखे दिसते, पण क्ष² − क्ष − १ = ० या वर्गसमीकरणाचे ते मूळ आहे. ज्या समीकरणात सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक १ आणि बाकीचे सहगुणक पूर्णांक असतात, त्याच्या मुळाला बैजिक पूर्णांक म्हणतात. म्हणजे सुवर्णगुणोत्तर पूर्णांकच ठरते! आता ५ च्या जागी ३ घ्या. (१ + √३)/२ चे समीकरण क्ष² − क्ष − १/२ = ० असे येते. तो अर्धा आडवा आला, म्हणून ही संख्या बैजिक पूर्णांक नाही.

हा भेद कुठून येतो? ड हा १ सोडून कोणत्याही पूर्ण वर्गाने भाग न जाणारा पूर्णांक घेऊ (१ स्वतः वगळून) आणि अ + ब√ड या रूपाच्या संख्या पाहू. अ, ब परिमेय. अशी संख्या आणि तिची जोडीदार अ − ब√ड एकाच समीकरणाची मुळे असतात. शाळेत शिकलेलेच इथे पुरते: मुळांची बेरीज २अ आणि गुणाकार अ² − डब², हे दोन्ही पूर्णांक हवेत. २अ पूर्णांक असेल, तर ड(२ब)² हाही पूर्णांक होतो. ड मध्ये कोणत्याही अविभाज्य संख्येचा वर्ग दडलेला नाही, त्यामुळे २ब चा छेद त्याला खोडता येत नाही. २ब पूर्णांकच असावा लागतो. म्हणून छेदात २ च्या पलीकडे काहीच येऊ शकत नाही.

अ = प/२, ब = फ/२ लिहिले की एकच अट उरते: प² − डफ² ला ४ ने भाग जावा. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ०, विषमाच्या वर्गाला १. प, फ दोन्ही सम असतील तर प्रश्नच नाही. एक सम, एक विषम असेल तर जमत नाही, कारण ड ला ४ ने भाग जात नाही. दोन्ही विषम असतील तर बाकी १ − ड, आणि ती शून्य व्हायला ड ची ४ ने भागल्यावरची बाकी १ हवी. ५ ची ती १ आहे, ३ ची ३. सगळा फरक एवढाच.

हे अर्धे वगळले तर काय बिघडते, ते −३ दाखवतो; त्याची बाकीही १ आहे, कारण −३ = ४ × (−१) + १. फक्त अ + ब√−३ (अ, ब पूर्णांक) एवढ्याच संख्या घेतल्या, तर ४ = २ × २ आणि ४ = (१ + √−३)(१ − √−३) असे दोन वेगळे अवयव पडतात आणि ते आणखी फोडता येत नाहीत. (१ + √−३)/२ आत घेतली की कोडे सुटते. तिचा जोडीदाराशी गुणाकार १ आहे, म्हणून अवयवांच्या हिशोबात ती १ किंवा −१ सारखीच निरुपद्रवी, आणि १ + √−३ म्हणजे २ च्या दुसऱ्या वेशातले रूप.

−५ ची बाकी मात्र ३. तिथे ६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५) ही दुफळी मिटवायला अर्धे मदतीला येत नाहीत. १८७१ साली रिशार्ड डेडेकिंड यांनी अशा ठिकाणी संख्यांऐवजी संख्यांचे विशिष्ट संच, म्हणजे आयडियल, घेऊन त्यांचे अवयव पाडले. ते एकाच तऱ्हेने पडतात.