रेघेखालची रुंद खिडकी

साठीच्या आसपासचं गिऱ्हाईक चष्म्याच्या दुकानात गेलं की बहुतेक वेळा प्रोग्रेसिव्ह भिंगांचाच सल्ला मिळतो. एकाच भिंगातून लांबचं, मधलं आणि जवळचं दिसतं, शिवाय मध्ये रेघही दिसत नाही. त्यापुढे आडव्या रेघेचं ‘डी बायफोकल’ जुनाट वाटतं. तरीही काही जण हट्टाने तेच मागतात, आणि त्यांच्या हट्टामागे पक्कं गणित असतं.

समजा, 64 वर्षांचे एक मुद्रितशोधक आहेत. लांबचा नंबर नाही, वाचनासाठी +2.50 लागतो. टेबलावर डावीकडे मूळ प्रत आणि उजवीकडे प्रूफ, दोन्ही ए-फोर कागद. एका कागदाची रुंदी 21 सेंटिमीटर, म्हणजे नजरेला दिवसभर 42 सेंटिमीटरच्या पट्ट्यात ये-जा करायची आहे.

डी बायफोकलमध्ये वाचनाचा तुकडा आडव्या पडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखा असतो: वर सरळ कड, खाली गोलाई. नेहमीच्या तुकड्याची सर्वांत रुंद जागा 28 मिलिमीटर. डोळा ज्या केंद्राभोवती फिरतो ते भिंगाच्या मागे साधारण 27 मिलिमीटरवर धरलं, तर 40 सेंटिमीटरवरच्या कागदावर ही खिडकी सुमारे 44 सेंटिमीटर रुंद उघडते. दोन्ही कागद तिच्यात मावतात. मान न वळवता डोळे इकडून तिकडे फिरवले की काम होतं, आणि खिडकीभर नंबर एकच राहतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली हळूहळू वाढतो. 1959 साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतेनाझ यांची व्हॅरिलक्स भिंगं बाजारात आली तेव्हापासून या कल्पनेत पुष्कळ सुधारणा झाली, पण एक अट सुटलेली नाही. गुंटर मिंकविट्झ यांनी 1963 मध्ये ती गणिताने मांडली: मधल्या वाटेवर खाली जाताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला सरकताना नको असलेला तिरपा नंबर वाढतो. आपल्या मुद्रितशोधकांसाठी +2.50 ची वाढ 12 मिलिमीटरमध्ये बसवली, तर त्या वाटेवर मध्यापासून जेमतेम सव्वा मिलिमीटर बाजूला गेल्यावर अर्ध्या डायॉप्टरचा दोष येतो. कुशल रचनाकार हा दोष पसरवू शकतात, कडेला ढकलू शकतात. नाहीसा करू शकत नाहीत.

वाट संपून वाचनाचा भाग सुरू झाला की जागा थोडी रुंदावते. ती रचनेनुसार बदलते. 11 मिलिमीटर धरली तर कागदावर सुमारे 17 सेंटिमीटर. एक ए-फोर पानही पूर्ण मावत नाही. मग प्रत्येक ओळीला मान डावी-उजवी फिरते आणि संध्याकाळी खांदे दुखू लागतात. हिशेबाच्या लांब वह्या तपासणारे, रुंद नकाशे वाचणारे, शिलाई करणारे याच कारणाने रेघ पत्करतात. वर्षानुवर्षं बायफोकल वापरलेल्यांपैकी काहींना तर कडेची डगमग सोसत नाही.

बायफोकलची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती लपवणं गिऱ्हाइकावर अन्याय ठरेल. या वयात डोळ्याची स्वतःची जुळवून घेण्याची शक्ती एक डायॉप्टर उरली असं धरू. मग आपल्या मुद्रितशोधकांना वरच्या भागातून एक मीटरपासून पुढचं स्वच्छ दिसेल, खालच्या तुकड्यातून सुमारे 28 ते 40 सेंटिमीटरचं. मधली जागा धूसर. संगणकाचा पडदा नेमका तिथेच असतो. प्रूफ पडद्यावर येऊ लागलं, तर प्रोग्रेसिव्हचं पारडं जड होतं, किंवा पडद्यासाठी वेगळा चष्मा लागतो.

दुसरी किंमत म्हणजे रेघेवरची उडी. नजर रेघ ओलांडते तेव्हा वस्तू क्षणात जागा बदलल्यासारखी दिसते. ही उडी रेघेपासून तुकड्याच्या प्रकाशकेंद्रापर्यंतच्या अंतरावर ठरते. डी तुकड्यात हे केंद्र रेघेच्या साधारण 5 मिलिमीटर खाली असतं; +2.50 ला वस्तू एक मीटरवर सव्वा सेंटिमीटर सरकते. जुन्या गोल तुकड्यात, 22 मिलिमीटर व्यासाच्या, केंद्र 11 मिलिमीटर खाली असल्याने तीच उडी दुपटीहून मोठी. सपाट कडेचा खरा फायदा इथे आहे. जिना उतरताना मात्र पायरी कोणत्याही बायफोकलच्या, आणि प्रोग्रेसिव्हच्याही, खालच्या भागातून धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पाहावं लागतं.

लहान मुलांतही हे भिंग मोलाचं ठरतं. जवळ पाहताना ज्यांचे डोळे आत वळतात अशा काही मुलांना डॉक्टर बायफोकल देतात, आणि तिथे रेघ मुद्दाम वर, बुबुळाच्या मधोमध येईल अशी बसवतात. खाली बसवली तर मूल तुकड्याच्या वरूनच पाहतं आणि उपचार वाया जातो.

मोठ्या माणसाची रेघ खालच्या पापणीच्या कडेशी येते. चष्मा हाती आल्यावर ती जागा दोन मिनिटांत तपासता येते. चालताना रेघ सारखी नजरेत येत असेल, तर ती वर बसली आहे. वाचताना हनुवटी उचलावी लागत असेल, तर खाली. नाकावरच्या पॅड वाकवून एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची चूक दुकानातच सुधारते; त्याहून मोठी असेल, तर भिंग पुन्हा बनवून मागावं.