सांधा न तुटू देता सीडी बर्न करताना
पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये 'ब्रेन डॅमेज' थेट 'एक्लिप्स'मध्ये शिरतं. घरी बर्न केलेल्या सीडीवर मात्र मध्येच दोन सेकंद शांतता!

कारण बहुधा 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स' पद्धत. तिच्यात प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो. 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' निवडून दुसऱ्या ट्रॅकपासून गॅप शून्य करावा. तरीही सांध्यावर बारीकशी खाच ऐकू आली, तर संशय एमपीथ्रीवर घ्यावा: एन्कोडिंगमध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते. त्यापेक्षा सीडीवरूनच काढलेली फ्लॅक किंवा वेव्ह फाइल बरी.

फाइलच्या नावांपुढे `01`, `02` हवं. नाहीतर काही प्रोग्रॅम्समध्ये दहावं 'एक्लिप्स' दुसऱ्या गाण्याआधी येऊन बसतं.

आवाजाचं काय? प्रत्येक गाणं वेगळं 'नॉर्मलाइझ' केलं, की सांध्यावर आवाज उडी मारतो. रिप्लेगेनचा 'अल्बम' पर्याय सगळ्या ट्रॅकना एकसारखाच बदल लावतो. हळू गाणं हळूच राहतं.