घाव समेवर, कट आधी

कसबा पेठेतल्या तांबट आळीवर लेख द्या, असं संपादकांनी सांगितलं होतं. दोन सकाळी आळीत काढल्या. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं टिकलीला टिकली लावत जायचं मठारकाम पाहिलं, कान गच्च करून घेतले. तिथंच कळलं की या आळीवर कुणी तरी माहितीपट करतंय आणि त्याचं संकलन कोथरूडला एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत चाललंय. ठोक्यांची चित्रं ठोक्यांच्याच संगीतावर कशी कापत असतील, एवढं बघायला म्हणून गेलो आणि तिथंच अडकलो.

संकलक बाई साठीच्या घरातल्या. खोलीतली पोरं त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणू लागलो. त्या हे काम शिकल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, स्टीनबेक नावाच्या आडव्या जर्मन यंत्रावर. तेव्हा आवाजाची चुंबकीय पट्टी हातानं मागेपुढे ओढायची, ठोका ऐकू आला की तिथं जाड मेणपेन्सिलीनं रेघ मारायची आणि त्या रेघेशी चित्राची पट्टी जुळवून कापायची. या विषयाला जुना इतिहासही आहे. आयझेनस्टाइननं 1929 साली माँटाजचे प्रकार मांडले, त्यातला पहिलाच तुकड्यांच्या मोजमापावर उभा आहे. मात्र व्हेर्तोवच्या एका चित्रपटातलं मोजमाप फूटपट्टी हातात धरल्याशिवाय कळत नाही, असा टोलाही त्यानं तिथंच हाणून ठेवलाय. ताईंना हा टोला फार आवडतो. “माप पडद्यावर दिसायला नको आणि कानाला चुकायलाही नको,” त्या म्हणाल्या.

समोर होता साधारण मिनिटभराचा माँटाज. पत्रा कापण्यापासून बंब तयार होईपर्यंत. त्याखाली तबल्यावर केरवा, मिनिटाला 96 मात्रा. केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं, म्हणजे एक आवर्तन पाच सेकंदांत पुरं होतं. चित्र सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबानं चालतं, तेव्हा आवर्तनाला 125 फ्रेम. गणित इथवर गोड आहे. पण एका मात्रेला फ्रेम किती? 15.625. फ्रेमचा तुकडा काही पडत नाही. 15-15 मोजत गेलात तर आठव्या मात्रेनंतरच्या समेवर चित्र पाच फ्रेम आधीच पोचतं. पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तेवढं शाळकरी पोराच्याही लक्षात येतं. म्हणून मोजायचं नाही, खुणा करायच्या. ताई डोळे मिटून संगीत ऐकतात आणि प्रत्येक समेला M ही कळ दाबतात. मग ध्वनीची लहर मोठी करून प्रत्येक खूण उंचवट्याच्या सुरुवातीला आणून बसवतात, कारण ओळखीची सम आली की बोट जरा आधीच पडतं. त्यात हा तबला माणसानं वाजवलेला. शेवटी रंगात येऊन त्यानं लय थोडी चढवली होती आणि अखेरचं आवर्तन 121 फ्रेममध्येच आटोपलं होतं. सगळीकडे सारख्या अंतरावर आखलेल्या खुणा इथं तोंडघशी पडल्या असत्या.

मला वाटलं, आता प्रत्येक खुणेवर कट मारला की झालं. सहायक मुलानं नेमकं तेच केलं होतं. ताईंनी मला मुद्दाम दाखवलं. पहिले चार कट झकास वाटले. पाचवा येणार हे मला आधीच कळलं, आणि त्यानंतर मी तांब्याकडे बघायचंच सोडून कट मोजत बसलो.

“ठोका कुणाचा आहे?” ताईंनी मला विचारलं. “कटाचा, की हातोडीचा?”

एवढ्या एका प्रश्नावर त्यांचं अख्खं काम चालतं. चित्रातच घाव असेल तर सम त्या घावाला द्यायची. एका शॉटमध्ये हातोडी वर जाऊन थबकलेली आहे आणि तिथून भांड्यावर पडायला तिला सात फ्रेम लागतात. मग कट समेच्या सात फ्रेम आधी. प्रेक्षकाला नवं चित्र दिसतं, हातोडी उतरते आणि सम पडते. मधला कट कुणाला जाणवतही नाही. ज्या शॉटमध्ये घाव नाही, म्हणजे भट्टीचा जाळ किंवा म्हाताऱ्या कारागिराचा चेहरा, तिथं मात्र कट थेट समेवर. तोही खरं तर एखादी फ्रेम आधी, कारण मेंदूला आवाजापेक्षा चित्र उमगायला किंचित जास्त वेळ लागतो. आणि पाचव्या मात्रेला, केरव्याची काल येते तिथं, त्या बहुधा काहीच करत नाहीत. शॉट तसाच पुढे वाहू देतात. त्यामुळे पुढची सम भरून येते.

पण कारागीर काही केरव्यात ठोकत नाही. त्याचे घाव तेरा-तेरा फ्रेमच्या अंतरानं पडत होते. पहिला घाव समेवर बसवला की दुसरा मात्रेच्या अडीच फ्रेमहून जास्त आधी पडतो आणि तिसरा पाच. दुसरा कसाबसा खपतो, तिसरा उघडा पडतो. शॉटचा वेग 83 टक्क्यांवर आणला तर घाव मात्रांवर चपखल बसतात. ताईंनी तसं करून दाखवलं. हातोडी जड झाली, माणूस दमलेला दिसायला लागला. “हा असा ठोकत नाही,” म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं. दोन घाव दाखवायचे आणि तिसऱ्याच्या आत चेहऱ्यावर जायचं, असा त्यांचा तोडगा. मला तो पटला. आपल्या लयीसाठी दुसऱ्याचा हात बदलायचा कशाला?

आठव्या आवर्तनानंतर त्यांनी संगीत थांबवलं आहे. तबला कापला नाही, त्याची आस विरू दिली. खाली आळीत ध्वनिमुद्रित केलेली मिनिटभराची नुसती शांतता अंथरली: लांबची रिक्षा, कबुतरं, भट्टीची धगधग. आवाज पार शून्य केला तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडला असं वाटतं, म्हणून ही शांतताही शूटिंगच्या वेळीच टिपून ठेवावी लागते. त्या शांततेत तीन शॉट आणि एकच घाव, त्याच्या खऱ्या आवाजासकट. मला तो घाव दाताला लागल्यासारखा लागला.

कौतुक करून उठणार, तेवढ्यात ताईंनी अडचणींची पोतडी उघडली. महिनाभरापूर्वी सहायकानं एक अख्खा भाग बिनतारी हेडफोन लावून कापला होता. त्या जोडीत आवाज सेकंदाच्या सहाव्या भागाइतका उशिरा कानात येत होता. त्यानं कानाशी जुळवून कट बसवले आणि मोठ्या स्पीकरवर लावल्यावर सगळे कट चार फ्रेम मागे. चूक एकसारखी होती म्हणून पकडता आली: टाळीचा शॉट लावला, टाळी दिसते कधी आणि वाजते कधी ते पाहिलं, उलगडा झाला. आता त्या खोलीत तारेचेच हेडफोन आहेत.

दुसरी अडचण टाळीनं सुटणारी नव्हती. केरव्याची ती फीत निर्मात्यानं “तात्पुरती लावा” म्हणून दिलेली. संगीतरचनेचे हक्क एकाकडे, त्या ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे. एकानं होकार दिला, दुसऱ्यानं सांगितलेली रक्कम ऐकून निर्माता गप्प झाला. नवं संगीत करून घेतलं, तोच केरवा, पण मिनिटाला 104 मात्रा. मात्रेला आता साडेचौदाच्या आतबाहेर फ्रेम. वरवर फरक एका फ्रेमचा. पण आवर्तन 125 फ्रेमवरून 115 वर आलं आणि आठव्या आवर्तनापर्यंत सुमारे तीन सेकंदांची तूट पडली. जुना माँटाज नव्या संगीताखाली सरकवून भागत नाही. शॉटच आखूड करावे लागतात, आणि सात फ्रेममध्ये पडणारी हातोडी काही सहा फ्रेममध्ये पडत नाही. “लयीत कापलेलं काम लय बदलली की पहिल्यापासून करावं लागतं, आणि निर्मात्याला वाटतं नुसतं गाणं बदललंय,” ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

पुन्हा कापायला त्यांना तीन रात्री लागल्या. लांबी न बदलता जसेच्या तसे राहिले ते फक्त शांततेतले तीन शॉट.