चुकलेल्या आकड्याची साक्ष

x³ − ५x² − ६९x + ३६० = ० हे समीकरण समोर ठेवून कुणी त्याचं पूर्णांक मूळ शोधायला सांगितलं, तर बहुतेकांचा रस्ता ठरलेला असतो. शेवटचं स्थिरपद पाहायचं. मूळ पूर्णांक असेल तर त्याने ३६० ला निःशेष भाग जायलाच हवा. मग ३६० चे विभाजक एकामागून एक x च्या जागी घालायचे आणि उत्तर शून्य येईपर्यंत नेट धरायचा. ३६० ला २४ विभाजक आहेत आणि मूळ ऋणही असू शकतं, म्हणजे उमेदवार झाले ४८. पहिल्या पाचसहांत नशीब उघडलं तर ठीक, नाहीतर रफ वहीची पानं भरत राहतात.

या पद्धतीत कष्ट आहेत, पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. x ला १ ठेवून २८७ आले की आपण 'शून्य नाही' म्हणतो आणि त्यावर काट मारतो. त्या २८७ कडे पुन्हा कुणी ढुंकून पाहत नाही. खरं तर मूळ कुठे असू शकतं आणि कुठे असूच शकत नाही, याची बरीचशी माहिती त्या आकड्यात असते.

ती काढून घेण्याचा नियम एका ओळीचा आहे. f ही बहुपदी असेल आणि तिचे सगळे सहगुणक पूर्णांक असतील, तर कोणत्याही दोन वेगवेगळ्या पूर्णांकांसाठी a − b ने f(a) − f(b) ला निःशेष भाग जातो. f(a) म्हणजे x च्या जागी a ठेवल्यावर येणारी किंमत, एवढंच.

हा नियम आपण सगळे नकळत वापरत आलो आहोत. एखाद्या संख्येला ९ ने भाग जातो का हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो. ४७२५ ही संख्या म्हणजे ४x³ + ७x² + २x + ५ या बहुपदीत x ला १० ठेवल्यावर येणारी किंमत. x ला १ ठेवलं की अंकांची बेरीज मिळते, १८. दहातून एक गेला की नऊ, म्हणून ४७२५ आणि १८ यांच्या फरकाला ९ ने भाग जाणारच. १८ ला ९ ने भाग जातो, तेव्हा ४७२५ लाही जातो. अकराच्या कसोटीत अंक आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे असतात, त्यामागेही हेच आहे. तिथे फक्त १ ऐवजी −१ ठेवलेला असतो.

सिद्धता अवघड नाही. a² − b² मधून (a − b) बाहेर काढता येतो, हे आठवीपासून पाठ असतं. a³ − b³ मधूनही तो निघतो आणि घात कितीही मोठा असला तरी निघतोच. आता f(a) मधून f(b) वजा करा. स्थिरपद दोन्हीकडे सारखंच, ते उडून जातं. उरलेल्या प्रत्येक पदात एक पूर्णांक सहगुणक आणि घातांचा असा एक फरक असतो. प्रत्येकाला a − b ने भाग जातो, म्हणून बेरजेलाही जातो.

आता मुळाकडे वळू. r हे पूर्णांक मूळ असेल तर f(r) शून्य. नियमात b च्या जागी r घातला की r − a ने f(a) ला भाग जायला हवा, हे लगेच मिळतं. a कुठलाही पूर्णांक चालतो. a शून्य घेतला तर f(०) म्हणजे स्थिरपद, आणि शाळेतला नियम परत हाती येतो. शाळेने आपल्याला या नियमाचा एकच नमुना दिला, बाकीचे तसेच राहिले.

आपल्या समीकरणावर तो चालवून पाहू. x ला १ ठेवला की १ − ५ − ६९ + ३६० = २८७. ही संख्या ७ × ४१ आहे, म्हणजे तिचे विभाजक १, ७, ४१ आणि २८७ एवढेच. r − १ हा यांपैकी कुठला तरी असणार, धन किंवा ऋण. त्यावरून r साठी आठच जागा उरतात: २, ०, ८, −६, ४२, −४०, २८८ आणि −२८६. यांतल्या ज्यांनी ३६० लाही भाग जातो ते वेचले की २, ८, −६ आणि −४० राहतात. एका गुणाकार-वजाबाकीत ४८ चे ४ झाले.

आता −१ ठेवू. −१ − ५ + ६९ + ३६० = ४२३, म्हणजे ९ × ४७. या वेळी r + १ ने ४२३ ला भाग जायला हवा. −६ साठी r + १ आहे −५, आणि ५ ने ४२३ ला भाग जात नाही. −४० साठी −३९, तोही जात नाही. २ साठी ३ आणि ८ साठी ९, हे दोन्ही जातात. उरले दोघे. x ला २ ठेवल्यावर २१० येतात, म्हणजे तो गेला. ८ ठेवल्यावर ५१२ − ३२० − ५५२ + ३६० = ०. मूळ सापडलं. (x − ८) ने भागल्यावर x² + ३x − ४५ राहतं. त्याचा विवेचक १८९ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून दुसरं पूर्णांक मूळ नाही.

हे सगळं कागदावर मांडायची एक देखणी रीत आहे आणि ती न्यूटनची आहे. केंब्रिजमधल्या त्याच्या बीजगणिताच्या व्याख्यानांवरून विल्यम व्हिस्टनने १७०७ मध्ये 'अरिथमेटिका युनिव्हर्सालिस' हे पुस्तक छापलं. त्यात विभाजक शोधण्याची ही पद्धत दिलेली आहे. x ला १, ० आणि −१ ठेवून आलेल्या तीन संख्यांचे विभाजक तीन ओळींत एकाखाली एक लिहायचे आणि ओळीगणिक एकाने वाढत जाणारे आकडे शोधायचे. आपल्या उदाहरणात वरच्या ओळीत ७, मधल्या ओळीत ८ आणि खालच्या ओळीत ९ सापडतो. ७ ने २८७ ला, ८ ने ३६० ला आणि ९ ने ४२३ ला भाग जातो. मधला आकडा हाच उमेदवार. १, २, ३ ही दुसरी साखळीही दिसते, पण तो उमेदवार पुढे खोटा ठरला, हे आपण पाहिलंच. ही कल्पना पुढे वाढवून बहुपदीचे दोन किंवा अधिक घातांचे अवयवही शोधता येतात. १८८२ साली क्रोनेकरने मांडलेली रीत याच वाटेवरची आहे.

a म्हणून कुठली संख्या घ्यावी, याचं उत्तर व्यवहारी आहे. जिथे f(a) चे विभाजक थोडे, तिथे चाळणी बारीक. f(a) मूळ संख्या आली तर चारच उमेदवार उरतात. f(७) = १ आलं तर r − ७ हा १ किंवा −१, म्हणजे मूळ असलंच तर ६ किंवा ८. त्याच बहुपदीत f(१०) = १ असंही निघालं, तर मूळ ९ किंवा ११ असायला हवं. दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत, म्हणून पूर्णांक मूळ नाही. बहुपदी कितव्या घाताची आहे आणि तिचे सहगुणक काय, हे कळायचीही गरज पडली नाही.

कधी कधी तर विभाजकांची यादीही करावी लागत नाही. f(०) आणि f(१) दोन्ही विषम असतील तर पूर्णांक मूळ असूच शकत नाही. r सम असेल तर r आणि ० यांचा फरक सम, म्हणून f(r) आणि f(०) एकाच जातीचे, दोन्ही विषम. r विषम असेल तर हीच गोष्ट f(१) बरोबर. आणि शून्य तर सम. x³ + ३x² − १२x + २०२५ घ्या. x ला ० ठेवला की २०२५, १ ठेवला की २०१७. दोन्ही विषम, प्रकरण संपलं. २०२५ चे १५ विभाजक, ऋण धरून ३०, यांतला एकही घालून पाहावा लागला नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पूर्णांक मूळ नाही, याचा अर्थ मूळच नाही असा कुणी घेऊ नये. या शेवटच्या बहुपदीत −१४ ठेवले की ३७ येतात आणि −१५ ठेवले की −४९५. चिन्ह बदललं, म्हणजे त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आलेख शून्यातून गेला आहे. मूळ आहे, फक्त ते पूर्णांक नाही.

दुसरी मर्यादा सहगुणकांची. ते पूर्णांक असायलाच हवेत. x(x − १)/२ ही बहुपदी प्रत्येक पूर्णांकासाठी पूर्णांकच किंमत देते, म्हणून नियम तिलाही लागू असावा असं वाटतं. पण x ला २ ठेवला की १ येतो आणि ० ठेवला की ०. फरक १, आणि त्याला २ ने भाग जात नाही. अशा वेळी छेद काढून टाकावेत आणि मगच नियम लावावा. त्याने मुळं बदलत नाहीत.

या नियमाचा एक उपयोग पुस्तकांत फारसा दिसत नाही, पण मला तो फार आवडतो. आपलीच आकडेमोड त्याने तपासता येते. आपल्या पहिल्या उदाहरणात −१ चा घन चुकून +१ धरला, तर ४२३ ऐवजी ४२५ येतात. २ आणि −१ यांच्यात ३ चं अंतर आहे, म्हणून २१० आणि ४२५ यांच्या फरकाला ३ ने भाग जायला हवा. फरक २१५, भाग जात नाही. चूक सापडली. मात्र −६९x चं चिन्हच चुकलं तर २८५ येतात आणि ही तपासणी ते मुकाट्याने पास करते, कारण ६९ ला ३ ने भाग जातो. तेव्हा तपासणी पास झाली म्हणून आकडा बरोबरच आहे, असं धरून चालू नये.

हात चालवून पाहायचा असेल तर x³ + ५x² − ५२x − १४४ घ्या. १४४ चे विभाजक ऋण धरून ३० आहेत. १ आणि −१ ठेवून आलेल्या किमतींच्या विभाजकांशी ते जुळवले की दोनच उमेदवार उरतात. त्यांतला एक धन आहे आणि तो खोटा आहे.