दहा ते बाराचा फोन

सांगलीतल्या एका शिक्षिकेने फ्रीज गार होत नसल्याची तक्रार नोंदवली आहे, असं समजा. कंपनीकडून पहिला मेसेज आला, ‘आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.’ मेसेज सभ्य आहे, पण या बाईंना त्याचा काहीच उपयोग नाही. त्यांचे तास सकाळी अकराला सुरू होतात आणि वर्गात फोन बंद असतो. ‘लवकरच’ म्हणजे नेमकं कधी, हे कळल्याशिवाय त्या दिवसाची आखणी करणार कशी?

म्हणून नीट चालणाऱ्या सेवा केंद्रांकडून दोन तासांची वेळ दिली जाते. नेमके साडेदहा असं का सांगत नाहीत? कारण आधीच्या ग्राहकाचं बोलणं किती लांबेल हे कोणालाच माहीत नसतं. एका फोनला नोंदी करण्यासकट दहा मिनिटं धरली, तर दोन तासांत बारा फोन होतात. पण शहाणा पर्यवेक्षक प्रत्येकाच्या यादीत आठ-नऊच नावं ठेवतो. उरलेला वेळ लांबलेल्या बोलण्यासाठी आणि पहिल्यांदा न लागलेला फोन पुन्हा करण्यासाठी लागतो. अर्ध्या तासाची वेळ दिली, तर एका लांबलेल्या फोनने पुढच्या सगळ्या वेळा कोलमडतात. चार तासांची दिली, तर ग्राहकाचा निम्मा दिवस फोनची वाट बघण्यात जातो.

आता याच तक्रारीचा चांगला मेसेज पाहू:

‘तक्रार क्र. 4821 (फ्रीज): मंगळवार, 14 ऑक्टोबर, सकाळी 10 ते 12 या वेळात आमचा फोन येईल. वेळ बदलायची असल्यास सोमवारी रात्री 8 पर्यंत टोल-फ्री क्रमांकावर फोन करून 2 दाबा. फोन लागला नाही तर 11.30 च्या सुमारास पुन्हा करू. तेव्हाही न लागल्यास तक्रार बंद होणार नाही, नवी वेळ कळवू.’

खऱ्या मेसेजमध्ये टोल-फ्री क्रमांक आणि ज्या क्रमांकावरून फोन येणार तो क्रमांक, असे दोन्ही हवेत. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही सवय आता घरोघरी लागली आहे, आणि ती योग्यच आहे. नंबर आधी कळला तरच माणूस फोन घेईल.

असा मेसेज क्वचितच का येतो, याचं एक कारण तांत्रिक आहे. देवनागरीतला एसएमएस 70 अक्षरांचा असतो, इंग्रजीतला 160 चा. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. ‘मंगळवार’ची पाच अक्षरं तिथे सात होतात. वरचा मजकूर पाठवायला साधारण पाच एसएमएसचा खर्च येतो, म्हणून कात्री लागते, आणि ती बहुतेकदा शेवटच्या दोन वाक्यांवर चालते. माझ्या मते ही सगळ्यात वाईट काटछाट आहे. ‘आदरणीय ग्राहक’ आणि ‘धन्यवाद’ खुशाल काढा, पण फोन चुकला तर काय होणार हे काढू नका.

कारण फोन चुकल्यावर पलीकडे काय घडतं ते ग्राहकाला दिसत नाही. प्रतिनिधी ‘आरएनआर’ अशी नोंद करतो, म्हणजे रिंग वाजली, उत्तर नाही. काही ठिकाणी अशा दोन-तीन नोंदी झाल्या की तक्रार ‘ग्राहक उपलब्ध नाही’ या शेऱ्यानिशी बंद होते. हे तिन्ही प्रयत्न दहा मिनिटांत उरकलेले असले, तर आपल्या बाई तेव्हा शाळेच्या वाटेवर असतील. प्रयत्नांमध्ये तासभराचं अंतर हवं. आणि फोन चुकला की लगेच दुसरा मेसेज जायला हवा, नव्या वेळेसह.

वेळ बदलण्याचा मार्गही चालणारा हवा. कंपनीच्या नावाने येणाऱ्या एसएमएसला उत्तर पाठवता येत नाही, त्यामुळे ‘या मेसेजला उत्तर द्या’ हे वाक्य तिथे निरर्थक आहे. ज्या नंबरवरून फोन येतो, त्यावर उलट फोनही अनेकदा लागत नाही. टोल-फ्री क्रमांक किंवा कंपनीचं अ‍ॅप हेच खरे पर्याय. तिथे पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगायला लागू नये, तक्रार क्रमांक पुरेसा असावा.

असे मेसेज भामटेही पाठवतात. 2025 पासून सेवेच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी `-S` आणि जाहिरातीच्या एसएमएसमध्ये `-P` असतं. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून मेसेज आला आणि वेळ बदलण्यासाठी लिंक उघडायला सांगितली, तर ती उघडू नका. फोनची वेळ बदलायला कोणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही.

दिलेल्या वेळेत फोन आलाच नाही आणि तक्रार मात्र बंद दिसली, तर नवी तक्रार नोंदवू नका, जुनीच पुन्हा उघडायला सांगा. नव्या क्रमांकाबरोबर नवी तारीख पडते आणि आधीचे दिवस हिशेबातून जातात. वेळ देणारा मेसेज आणि त्या दोन तासांतली आलेल्या फोनची यादी यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करताना तेच पुरावे कामाला येतात.