कंपनीचा अॅट्रिशन रेट 45 टक्के? मग निम्मे लोक गेले का? पुसदच्या उदाहरणातून समजून घ्या

वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, याचा टक्का म्हणजे अॅट्रिशन रेट. गणित सोपं आहे, गल्लत होते ती त्याचा अर्थ लावताना.

समजा, पुसद तालुक्यात एक जिनिंग फॅक्टरी आहे. 1 एप्रिलला तिथं 22 कायम कर्मचारी होते. वर्षभरात 9 जण गेले, 5 नवे आले आणि 31 मार्चला 18 उरले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्याची सरासरी 20 येते.

```
9 ÷ 20 × 100 = 45%
```

हंगामी मजूर यात धरायचे नाहीत. कापसाचा हंगाम संपला की त्यांचं काम ठरल्याप्रमाणे संपतं. असे 40 मजूर 'सोडून गेलेल्यां'त मोजले, तर दर 245 टक्के होईल. असा आकडा दिसला तर आधी हीच चूक तपासावी.

आता त्या 9 जणांची यादी उघडू. एक निवृत्त झाला, दोघांना कंपनीनेच कमी केलं. स्वतःहून राजीनामा दिलेले 6, म्हणजे 30 टक्के. त्यातले चौघे एकाच खुर्चीवरचे निघाले, वजनकाट्यावरच्या. जुना ऑपरेटर गेला, त्याच्या जागी आलेले तिघंही एकामागून एक गेले, आता चौथा बसला आहे.

म्हणजे 1 एप्रिलच्या 22 जणांपैकी प्रत्यक्षात 6 गेले आणि 16 अजून कामावर आहेत. निम्मी फॅक्टरी रिकामी झालेली नाही. 45 टक्के हा माणसांचा नव्हे, सोडण्याच्या घटनांचा आकडा आहे. एकच जागा चार वेळा रिकामी झाली, तर ती चार वेळा मोजली जाते.

मोठ्या कंपन्यांशी तुलना इथं फसवी ठरते. टीसीएसने सप्टेंबर 2022 अखेर मागच्या बारा महिन्यांचा दर 21.5 टक्के सांगितला होता. तिथं सहा लाखांहून अधिक कर्मचारी होते, एकाच्या जाण्याने आकडा हलत नाही. 20 जणांच्या फॅक्टरीत एक माणूस म्हणजे 5 टक्के. पुढच्या वर्षी 9 ऐवजी 7 गेले, तर दर 45 वरून साधारण 35 वर येईल, पण तेवढ्यावरून वातावरण सुधारलं असं म्हणता येत नाही. दोन माणसांचा फरक योगायोगानंही पडतो. शिवाय इन्फोसिससारख्या कंपन्या फक्त स्वेच्छेनं गेलेले मोजतात. त्यामुळे तुलना करायचीच तर आपलाही 30 टक्क्यांचा आकडा घ्यावा लागेल, 45 चा नाही.

वजनकाट्यावर कुणी का टिकत नाही, हे टक्का सांगत नाही. पगार कमी, हंगामात रात्रीपर्यंत गाड्यांची रांग, की वजनावरून होणारी रोजची भांडणं? त्यासाठी रजिस्टरमध्ये रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, जागा आणि कारण असे चार रकाने हवेत. कारण मात्र हिशेबाच्या दिवशी विचारू नये. पैसे हातात पडेपर्यंत बहुतेक जण 'घरगुती अडचण' एवढंच लिहितात. महिनाभराने फोन केला, तर खरं कळण्याची शक्यता जास्त.